सम उजवीकडे, विषम डावीकडे

ग्लासगोच्या एमिरेट्स अरीनामध्ये २७ ऑगस्ट २०१७ रोजी पी. व्ही. सिंधू आणि नोझोमी ओकुहारा यांच्यात जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. तो ११० मिनिटं चालला आणि २१-१९, २०-२२, २२-२० असा ओकुहाराने जिंकला. तिन्ही गेमचे गुण मिळवले तर सिंधूचे ६१ भरतात आणि ओकुहाराचे ६३. जवळजवळ दोन तासांच्या झुंजीनंतर दोघींमध्ये फरक राहिला तो दोन गुणांचा. बॅडमिंटनमध्ये गेम निकाली लागायला हव्या असलेल्या किमान आघाडीएवढाच.

या सामन्यातली ७३ फटक्यांची रॅली आजही आठवणीने पाहिली जाते. दुसऱ्या गेमच्या शेवटी, सिंधूच्या गेम पॉइंटवर ती झाली आणि सिंधूने ती जिंकली. ज्याने ती पाहिलेली नाही त्यालाही नुसत्या गुणफलकावरून दोन गोष्टी छातीठोकपणे सांगता येतील. रॅलीची सर्व्हिस सिंधूची होती आणि ती तिने आपल्या डाव्या सर्व्हिस कोर्टातून केली. २२-२० ने गेम संपला म्हणजे वीस-वीस बरोबरीनंतर लागोपाठ दोन्ही गुण सिंधूचे. एकविसावा गुण तिचा, म्हणजे त्यापुढची सर्व्हिस तिची. आणि २१ ही विषम संख्या, म्हणून डावी बाजू. तिसऱ्या गेममध्ये हेच ओकुहाराच्या बाबतीत खरं. जगज्जेतेपदाची शेवटची सर्व्हिस तिनेही डावीकडूनच केली.

ही तर्काची गंमत २००६ पासूनची आहे. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाने रॅली पद्धत स्वीकारली. सर्व्हिस कोणाचीही असो, रॅली जिंकणाऱ्याला गुण, आणि पुढची सर्व्हिसही त्याचीच. गेम २१ चा, तीनपैकी दोन जिंकायचे. त्याआधी जी पिढी खेळली तिचं गणितच वेगळं होतं. १९८० साली प्रकाश पदुकोण यांनी ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत लिम स्वी किंग यांना १५-३, १५-१० असं हरवलं, २००१ मध्ये पुल्लेला गोपीचंद यांनी चेन हाँगवर १५-१२, १५-६ अशी मात केली. हे आकडे आज वाचताना एक लक्षात ठेवावं लागतं, की ते फक्त स्वतःच्या सर्व्हिसवर कमावलेले गुण आहेत. समोरच्याची सर्व्हिस असताना रॅली जिंकली तर गुण मिळायचा नाही, सर्व्हिस तेवढी हातात यायची.

फरक किती पडतो हे सहा रॅलींत दिसतं. समजा एकेरीत पहिली सर्व्हिस माझी आहे आणि रॅली आळीपाळीने जिंकल्या गेल्या. पहिली मी, दुसरी तुम्ही, तिसरी मी, असं सहापर्यंत. आजच्या हिशेबाने गुणफलक ३-३ दाखवेल. जुन्या हिशेबात पहिल्या रॅलीचा एक गुण मला मिळाला आणि त्यानंतरच्या पाचही रॅली नुसती सर्व्हिस इकडून तिकडे नेण्यात खर्ची पडल्या. फलक १-० वरच. तुल्यबळ खेळाडूंच्या सामन्यात मिनिटांमागून मिनिटं जात आणि आकडा हलत नसे. जाणकाराला त्यातही रस वाटायचा, पण टीव्हीवाल्यांना पुढचा कार्यक्रम किती वाजता लावायचा हे कोणी सांगू शकत नव्हतं. २००१-०२ मध्ये सात गुणांचे पाच गेम हा उपाय करून पाहिला गेला. त्यात गुण मिळायला सर्व्हिस लागतच होती, म्हणजे मूळ दुखणं तसंच राहिलं आणि तो प्रयोग टिकला नाही.

एकेरीत या बदलाचा हिशेब सोपा आहे. सर्व्हिस करणाऱ्याचा गुण सम असेल, शून्य धरून, तर सर्व्हिस उजव्या कोर्टातून, विषम असेल तर डाव्यातून. घेणारा कर्णरेषेत समोर. हे जुन्या काळीही असंच होतं. खरी मौज दुहेरीत आहे, आणि क्लबांमधले वादही तिथलेच असतात.

जुन्या दुहेरीत प्रत्येक जोडीला सर्व्हिसचे दोन हात मिळत. एकाने सर्व्हिस गमावली की लगेच प्रतिस्पर्ध्यांकडे जायची नाही, आधी जोडीदाराला संधी मिळायची. याला अपवाद गेमच्या अगदी सुरुवातीचा. तिथे पहिल्या जोडीला एकच हात. म्हणून अंपायरला गुणांच्या जोडीला ‘सेकंड सर्व्हर’ असंही पुकारावं लागे. २००६ मध्ये हा दुसरा हात गेला. आता रॅली हरली की सर्व्हिस थेट पलीकडे. मग दोन जोडीदारांपैकी सर्व्हिस कोणी करायची हे ठरतं कसं?

अ आणि ब ही एक जोडी धरा, क आणि ड दुसरी. सुरुवातीला अ उजवीकडे, ब डावीकडे. समोर क उजवीकडे, ड डावीकडे. शून्यावर, म्हणजे सम गुणावर, अ उजवीकडून सर्व्हिस करतो आणि क ती घेतो. अ-ब रॅली जिंकतात, १-०. सर्व्हिस करत असताना गुण मिळाला, म्हणून अ आणि ब जागा बदलतात. अ डावीकडे येतो आणि आता ड ला सर्व्हिस करतो. क आणि ड मात्र जागचे हललेले नाहीत.

ही रॅली क-ड जिंकतात. १-१. सर्व्हिस त्यांच्याकडे गेली, पण जागा कोणीही बदलायची नाही. नवशिक्यांचा पाय इथेच अडखळतो. क-ड चा गुण एक आहे, विषम आहे, म्हणून त्यांच्यापैकी जो डावीकडे उभा आहे तो सर्व्हिस करणार. तो ड. त्याच्या कर्णरेषेत अ उभा आहे, तो घेणार. क-ड पुन्हा जिंकले, त्यांचे दोन. आता ते जागा बदलतात, ड उजवीकडून ब ला सर्व्हिस करतो. ही रॅली अ-ब जिंकतात, २-२. त्यांचा गुण सम, उजवीकडे उभा आहे ब, म्हणून सर्व्हिस ब ची. समोर उजवीकडे ड. क-ड जिंकले, त्यांचे तीन, विषम, डावीकडे आता क आहे, सर्व्हिस क ची. ती अ-ब नी परत मिळवली की तिसऱ्या गुणावर डावीकडे उभा असलेला अ पुन्हा सर्व्हिसला येतो.

क्रम असा झाला: अ, मग ड, मग ब, मग क, आणि फिरून अ. नियमपुस्तकात हा क्रम शब्दांत लिहिलेला आहे. पहिला सर्व्हर, मग पहिल्या रिसीव्हरचा जोडीदार, मग पहिल्या सर्व्हरचा जोडीदार, मग पहिला रिसीव्हर. वाचताना ते पाठांतरासारखं वाटतं. पण कोर्टावर ते पाठ करावं लागत नाही, कारण सम-विषमाचा साधा नियम हा क्रम आपोआप घडवून आणतो.

त्यामागची चावी एकाच गुणात आहे. एखाद्या जोडीने सर्व्हिस गमावली तेव्हा तिचा गुण चार होता असं समजा. म्हणजे शेवटची सर्व्हिस उजवीकडून झाली होती आणि ती करणारा अजून उजवीकडेच उभा आहे. पलीकडे सर्व्हिस असेपर्यंत या जोडीला गुण मिळणार नाही आणि जागाही बदलणार नाही. ज्या क्षणी ती रॅली जिंकेल त्या क्षणी गुण पाच होईल आणि सर्व्हिस डावीकडून करायची ठरेल. डावीकडे कोण आहे? जोडीदार. सर्व्हिस गमावणं आणि परत मिळवणं यांच्यामध्ये प्रत्येक वेळी नेमका एक गुण वाढतो, त्यामुळे सम-विषम उलटतं आणि पाळी आपोआप दुसऱ्याकडे जाते. दुसरा हात काढून टाकला तरी दोघांनाही सर्व्हिस समान वाट्याला यावी यासाठी वेगळा नियम करावा लागला नाही. रॅली पद्धतीत मला सर्वांत देखणी वाटते ती ही गोष्ट. टीव्हीचं वेळापत्रक सांभाळण्यासाठी आणलेल्या बदलाने हिशेबाची एक जुनी गाठही सोडवून टाकली.

त्याची किंमत मात्र एक आहे, आणि जुने अंपायर ती बरोबर ओळखतात. पूर्वी गुण फक्त सर्व्हिसवर मिळत, म्हणजे गुण वाढला की जागा बदललीच. त्यामुळे जोडीचा गुण सम असेल तेव्हा दोघेही गेमच्या सुरुवातीच्या जागी असायचे आणि विषम असेल तेव्हा उलट. नुसता आकडा पाहून कोण कुठे उभं असायला हवं हे कळायचं. आता निम्मे गुण जागा न बदलता येतात. वरच्याच उदाहरणात अ-ब चे दोन गुण झाले तेव्हा उजवीकडे ब होता. अ ने सुरुवातीचे दोन्ही गुण सलग आपल्या सर्व्हिसवर घेतले असते तर त्याच दोन गुणांवर उजवीकडे अ असता. आजचा आकडा सर्व्हिस कुठून करायची ते सांगतो, कोणी करायची ते सांगत नाही. त्यासाठी कोणाला तरी लक्षात ठेवावं लागतं, किंवा लिहून ठेवावं लागतं. अंपायरच्या गुणपत्रकावर चौघांच्या चार ओळी असतात आणि मिळालेला गुण पुढची सर्व्हिस ज्याची आहे त्याच्या ओळीत मांडला जातो, तो याचसाठी.

१५ मे २०२२ रोजी बँकॉकला भारताने थॉमस चषक जिंकला. त्या अंतिम लढतीत सात्विकसाईराज रंकिरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांनी मोहम्मद अहसान आणि केविन संजया सुकामुल्यो यांना १८-२१, २३-२१, २१-१९ असं हरवलं. दुसऱ्या गेमचा शेवटचा गुण २२-२१ वर खेळला गेला, आणि बावीस सम, म्हणून सर्व्हिस भारताच्या उजव्या कोर्टातून झाली इतकं आपण घरबसल्या सांगू शकतो. ती सात्विकची होती की चिरागची, हे या आकड्यातून काढता येणार नाही. त्यासाठी चित्रफीत तरी पाहायला हवी, नाहीतर गुणपत्रक.

क्लबमध्ये ना गुणपत्रक असतं ना अंपायर. तिथे होणाऱ्या चुका बहुतेक दोनच. सर्व्हिस घेताना गुण मिळाला आणि आनंदाच्या भरात जोडीने जागा बदलून टाकली, ही पहिली. आधीच्या पाळीला ज्याने सर्व्हिस केली होती त्यानेच पुन्हा फूल उचललं, ही दुसरी. खरं तर पहिली चूक झाली की दुसरी ओघानेच येते. शंका आली तर एकमेकांना विचारायचा प्रश्न एवढाच, ‘मागच्या पाळीला सर्व्हिस कोणाची होती?’ ज्याची होती तो आता सर्व्हिस करणार नाही. आणि तो जिथून शेवटची सर्व्हिस करून गेला तिथेच उभा असायला हवा. चूक लक्षात आली की जागा दुरुस्त करायच्या आणि गुण जसे आहेत तसे ठेवायचे. रॅली परत खेळायची नाही. ‘मगाशी चुकीच्या बाजूला होतात, तो गुण काढा’ असं म्हणणारा एक मेंबर प्रत्येक हॉलमध्ये असतो. नियम त्याच्या बाजूचा नाही. पुढच्या गेमला पाटी कोरी होते. जिंकलेल्या जोडीपैकी कोणीही पहिली सर्व्हिस करावी, हरलेल्यांपैकी कोणीही ती घ्यावी.

आता पुन्हा वीस-वीसकडे. २१ गुण आधी करणारा जिंकतो, पण वीस-वीस झालं तर दोन गुणांची आघाडी हवी. एक गुण पुरणार नाही. हे खेचाखेचीचं प्रकरण अनंतकाळ चालू नये म्हणून वर छत घातलेलं आहे. एकोणतीस-एकोणतीस झालं तर तिसावा गुण घेणारा जिंकला, ३०-२९. तिथे दोनची अट संपते. तो गुण दोघांसाठीही गेम पॉइंट असतो आणि अंपायरही तसंच पुकारतो.

या छताला फूल किती वेळा लागेल याचा अंदाज शाळेच्या गणिताने काढता येतो. दोन्ही बाजू अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक रॅली जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे असं मानू. वीस-वीसनंतरच्या दोन रॅली एकानेच जिंकल्या तर गेम तिथेच संपतो, आणि ही शक्यता निम्मी. एकेक वाटून घेतल्या तर एकवीस-एकवीस आणि खेळ चालू. म्हणजे बरोबरीला पोचलेल्या गेमपैकी निम्मे २२-२० ला संपावेत, पाव हिस्सा २३-२१ ला, आठवा हिस्सा २४-२२ ला. एकोणतीस-एकोणतीस व्हायला अशा नऊ वाटण्या लागोपाठ व्हाव्या लागतात. एकाला नऊ वेळा निम्मं करा, ५१२ मध्ये एक एवढीच शक्यता येते. प्रत्यक्षात रॅली नाण्यासारख्या नसतात, दमलेला खेळाडू सलग दोन हरतो, एखादी लाइनचुकी डोक्यात राहते. तरीही नियम करणाऱ्यांनी छत इतक्या उंचीवर ठेवलंय की ते असून नसल्यासारखं. ग्लासगोच्या दोन्ही लांबलेल्या गेमना पहिल्याच जोडरॅलीत निकाल मिळाला, आणि चिराग-सात्विकला दुसऱ्या.

आणखी एक बारकावा. आघाडीवरच्याचा गेम पॉइंट २१-२० ला डाव्या कोर्टातून सर्व्ह होतो, २२-२१ ला उजव्या, २३-२२ ला पुन्हा डाव्या. टेनिसमध्ये आघाडीचा गुण कायम एकाच बाजूने खेळला जातो, त्यामुळे एखाद्याला आवडत्या कोपऱ्यातूनच संधी मिळत राहते. इथे बाजू बदलत राहते. शिवाय बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस हे हत्यार नव्हेच. फूल मारताना ते जमिनीपासून १.१५ मीटरच्या खालीच असायला हवं, म्हणजे ते वरच्या दिशेनेच जाणार आणि हल्ल्याची पहिली संधी बहुधा घेणाऱ्याला मिळणार. दुहेरीत तर सर्व्हिस हातात असणं हे थोडं ओझंच. रॅली जिंकणाऱ्यालाच सर्व्हिस देण्याचा नियम त्यामुळे पुढच्या माणसाला आणखी पुढे ढकलत नाही. टेनिससारखी जोरकस सर्व्हिस या खेळात असती तर हाच नियम अन्यायाचा ठरला असता.

जुन्या पद्धतीतही बरोबरी झाल्यावर गेम वाढवता येत असे, पण सक्तीने नाही. चौदा-चौदा झाल्यावर जो आधी चौदाला पोचला त्याला निवड असायची. १५ लाच संपवायचं, की आणखी तीन गुण लावून १७ पर्यंत न्यायचं. दम संपलेला माणूस १५ मागायचा, भक्कम माणूस १७. माझ्या मते तो निर्णय खेळाचाच एक भाग होता आणि तो गेल्याचं थोडं वाईट वाटतं. आजच्या नियमात वीस-वीसला कोणी कोणाला काही विचारत नाही.

राहिली बाजूबदलाची गोष्ट. पहिला गेम संपला की बाजू बदलायची, दुसरा संपून तिसरा व्हायचा असेल तर पुन्हा, आणि तिसऱ्या गेममध्ये कोणीतरी आधी अकराला पोचलं की आणखी एकदा. पूर्वी १५ च्या गेममध्ये हे आठला व्हायचं. प्रत्येक गेममध्ये अकराला साठ सेकंदांची विश्रांती असते, दोन गेमच्या मध्ये एकशेवीस सेकंदांची. तिसऱ्या गेममध्ये विश्रांती आणि बाजूबदल एकाच वेळी येतात.

बंद हॉलमध्ये बाजू बदलून काय मिळतं, असं बाहेरच्याला वाटेल. फुलाचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असतं, त्याला सोळा पिसं. मोठ्या वातानुकूलित हॉलमध्ये हवेचा एखादा झोत एका टोकाकडून दुसऱ्याकडे वाहत असतो आणि तेवढ्याने बेसलाइनवरचा टॉस बाहेर जातो किंवा अर्ध्यातच पडतो. हे कळतं कसं? सामन्याआधी खेळाडू मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने फूल मारून पाहतात. योग्य वेगाचं फूल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडायला हवं. एका बाजूने मारलेलं नीट पडलं आणि तेच फूल दुसऱ्या बाजूने मारल्यावर रेषेपलीकडे गेलं, तर दोष फुलाचा नाही, हवेचा आहे. वाऱ्याच्या दिशेने मारणाऱ्याला हात आखडता घ्यावा लागतो, समोरचा बिनधास्त मारू शकतो. म्हणून बहुतेकांना वाऱ्याविरुद्धची बाजू आवडते.

नाणेफेकीत जिंकणारा सर्व्हिस किंवा बाजू यांपैकी एक निवडतो, उरलेली निवड हरणाऱ्याची. सर्व्हिसला फारशी किंमत नसल्यामुळे वारा असलेल्या हॉलमध्ये शहाणे खेळाडू बाजू मागतात, आणि बऱ्याचदा आधी वाईट बाजू मागतात. कारण हिशेब असा: पहिला गेम वाईट बाजूला, दुसरा चांगल्या, तिसरा अकरापर्यंत पुन्हा वाईट आणि तिथून शेवटपर्यंत चांगल्या. निर्णायक गेमचा शेवट हव्या त्या टोकाला मिळतो. अकराचा बदल निम्म्यावर असला तरी तो काटेकोर निम्मा नसतो. ११-३ वर बाजू बदलली तर आधीच्या टोकाला चौदाच रॅली झाल्या, पुढे किती होतील याला मर्यादा छताचीच. मागे पडलेला खेळाडू चांगल्या बाजूला येऊन ते अंतर भरून काढतो असं अनेकदा दिसतं, आणि मग प्रेक्षक त्याच्या जिद्दीचं कौतुक करतात. त्यात थोडा वाटा हवेचा असतो. बाजू बदलायची राहून गेली तर लक्षात येताच, रॅली चालू नसताना, बदलायची. इथेही गुण कायम. अकराला बाजू बदलली तरी दुहेरीत सर्व्हिसचा क्रम आणि डावी-उजवी जागा तीच राहते. घाई-गडबडीत जोड्या नेमक्या तिथे चुकतात, कारण मधल्या मिनिटभरात प्रशिक्षकाच्या सूचनांत मागची सर्व्हिस कोणाची होती हेच डोक्यातून गेलेलं असतं.

२१ चा हा गेमही पक्का राहील असं नाही. अकरा गुणांचे पाच गेम हा प्रस्ताव २०१८ मध्ये बँकॉकच्या सभेत दोन तृतीयांश मतांअभावी पडला. २०२१ मध्ये तो पुन्हा आला तेव्हा त्याला ६६.३१ टक्के मतं मिळाली, आणि हवी होती ६६.६७. म्हणजे हाही गेम पॉइंटवरच निसटला. २०२५ मध्ये काही स्पर्धांमध्ये १५ गुणांच्या तीन गेमची चाचणी घेतली गेली. त्यात चौदा-चौदानंतर दोनची आघाडी लागते आणि छत २१ वर आहे, बाजूबदल आठला. सम-विषमाचा आणि सर्व्हिसच्या पाळीचा नियम मात्र जसाच्या तसा. चौदा-चौदापासून वीस-वीसपर्यंत सहा वाटण्या लागतात, म्हणजे तुल्यबळ जोड्यांमध्ये ६४ मध्ये एक अशी शक्यता. त्या पद्धतीत छत खरोखर वापरात येईल, आणि ‘एकवीस’ हा आकडा गेमच्या सुरुवातीचं लक्ष्य न राहता त्याची शेवटची हद्द होईल.